चाकणचं तुम्ही मला सांगितलंच नाहीत

ज्यांच्या घरात शिफ्टची नोकरी आहे त्यांना पुढचं लगेच कळेल, बाकीच्यांना थोडं समजावून सांगावं लागेल. आमचे हे नाशिकला सातपूर एमआयडीसीत एका मोठ्या कंपनीत मेन्टेनन्सला. फर्स्ट शिफ्ट सकाळी सात ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते रात्री बारा, थर्ड बारा ते सात, आणि दर आठवड्याला बदलायची. मी पतसंस्थेत, दहा ते सहा. म्हणजे ह्यांची सेकंड असली की मी सकाळी बाहेर पडताना हे झोपलेले आणि रात्री हे येतात तेव्हा मी झोपलेली, थर्ड असली की सकाळी दारातच क्रॉस व्हायचो, एकाच्या हातात डबा रिकामा आणि एकाच्या हातात भरलेला. फक्त फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी दोघं घरात, पण तेव्हा पोरीचा क्लास, दळण, माझ्या आईकडे चक्कर, आणि साडेनऊला ह्यांचे डोळे मिटायला लागायचे कारण पहाटे पाचला उठायचं.

लग्न १९९९ चं. पहिली काही वर्षं सासूबाई होत्या, तेव्हा निरोप त्यांच्याकडे ठेवायचा. मग फ्रिजवर चिठ्ठ्या आल्या, भाजी आतल्या भांड्यात आहे गरम करून घ्या, लाइट बिलाची शेवटची तारीख उद्या, वगैरे. मग पोरगी मोठी झाली तर तिच्यामार्फत, बाबांना सांग गॅस बुक केलाय, आईला सांग मी उद्या ओटी करतोय. मग व्हॉट्सअॅप आलं. घर मात्र एकदम व्यवस्थित चाललं हां, एक हप्ता चुकला नाही, पोरीची एक पीटीए मीटिंग चुकली नाही. लोक म्हणायचे, काय टीमवर्क आहे तुमचं. होतंच ना. दोन शिफ्टचे सुपरवायझर एकमेकांना चार्ज देतात, तसं होतं.

२०२१ मध्ये ह्यांना जनरल शिफ्ट मिळाली. पोरगी पुण्याला नोकरीला लागली, आई आधीच्या वर्षी गेली होती. आणि पहिल्यांदाच आम्ही दोघं रोज संध्याकाळी सातला एकाच घरात. मला वाटलं होतं आता मजा. तर काय, चहा व्हायचा, टीव्ही लागायचा, मी माझ्या मोबाइलमध्ये, हे ह्यांच्या. भांडण अजिबात नाही, भांडण असतं तर निदान लक्षात तरी आलं असतं. जेवताना विषय म्हणजे पोरीचा फोन आला का, पाणी आलं का, सोसायटीचा मेन्टेनन्स भरला का. हे तीन विषय संपले की चमच्यांचा आवाज. आणि खरं सांगते, त्यात काही चुकतंय असं मला वाटलंच नाही, वीस बावीस वर्षांनी सगळ्यांचं असंच होत असणार म्हणून मी सोडून दिलं होतं.

मग २०२३ च्या डिसेंबरात पाथर्डी फाट्याकडे एका लॉन्सवर लग्न होतं, ह्यांच्या जुन्या कलीगच्या मुलाचं. जेवणाच्या लाइनमध्ये ते कलीग भेटले, आता रिटायर झालेत. मला म्हणाले, वहिनी, साहेबांनी तेव्हा चाकणला नाही म्हटलं नसतं ना तर आज प्लँट हेड असते, पण तुमच्या आईंचं होतं ना तेव्हा, बरोबर केलं त्यांनी. आणि ताटात बासुंदी घेऊन पुढे गेले. मी तिथेच उभी. कसलं चाकण, कधी?

गाडीत बसल्यावर विचारलं. तर हे गिअर टाकत म्हणाले, अगं ते होय, २०१७ ला आलं होतं प्रमोशन, चाकणच्या प्लँटला, नाही म्हणालो. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत? म्हणाले, सांगण्यासारखं काय होतं त्यात, जायचंच नव्हतं. आणि इंदिरानगरच्या बोगद्यापाशी ट्रॅफिक होतं त्यावर बोलायला लागले.

२०१७ ला माझ्या आईला पॅरालिसिसचा अॅटॅक आला होता, उजवी बाजू पूर्ण गेली होती, मी रोज सकाळ संध्याकाळ तिच्याकडे. तेव्हा हे मला मदत करत नाहीत, माझ्या आईचं ह्यांना काही पडलेलं नाही, असं मी माझ्या बहिणीकडे कितीदा बोलले असेन. आणि ह्या माणसाने तेव्हा आख्खं प्रमोशन सोडलं आणि ताटलीत नको असलेली भाजी बाजूला सारावी तसं सारलं. पोरगी पुण्याला गेल्यापासून आम्ही सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत त्याच रस्त्याने जातो, चाकण वाटेतच लागतं, तिथे ट्रॅफिकमध्ये अर्धा अर्धा तास अडकलोय. एकदाही ह्यांच्या तोंडून निघालं नाही की अगं इथे यायचं होतं आपल्याला.

मला आनंद व्हायला हवा होता की नाही? पण राग आला. इतका राग की दोन दिवस मी नीट जेवले नाही, आणि गंमत म्हणजे ते ह्यांना कळलंही नाही.

त्याच आठवड्यात मी एक उद्योग केला. आमच्या दोघांचं व्हॉट्सअॅप चॅट मागे मागे सरकवत गेले. रात्री बसले होते, दीड वाजला. काय लिहिलंय सांगू का आमच्या चॅटमध्ये? नमुना देते, शब्दशः.

दूध दोन पिशव्या
हो
निघालात का
नाही
आईची गोळी संपली
कोणती
फोटो पाठवते
ओके
किल्ली खालच्यांकडे
ओके
पोचले
ओके

बस, हेच, वर्षानुवर्षं. आई गेली त्या दिवशीचं चॅट काढून पाहिलं तर त्यात सुद्धा, लवकर या, निघालो, येताना आधार कार्ड आणा, ओके. आता कुणी म्हणेल व्हॉट्सअॅप कामासाठीच असतं, खरं बोलणं समोरासमोर. पण मी आठवायला लागले की मग समोरासमोर काय बोललो आपण, आणि काही केल्या आठवेना. ‘आणा, भरा, घ्या, पोचले का’ ह्याच्या पलीकडे नवऱ्याला कशाची भीती वाटते, सध्या कोण त्याचा जवळचा मित्र आहे, काही माहीत नाही मला.

आणि तोपर्यंत माझ्या डोक्यात हे होतं की सांगत नाहीत ते हेच. मग चॅटमध्ये २०१८ चा ऑगस्ट आला. त्यात माझा मेसेज, आज उशीर होईल, बहिणीकडे जातेय. ह्यांचा ओके. आता खरं काय होतं तर मला डाव्या बाजूला छातीत गाठ लागली होती, त्या दिवशी मी बहिणीबरोबर मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करून घेतली, नंतर सुई घालून तपासणीही झाली. गाठ साधी निघाली. रिपोर्ट येईपर्यंत माझी झोप उडालेली. ह्यांची थर्ड शिफ्ट चालू होती, म्हटलं कशाला टेन्शन, रिपोर्ट आला की सांगू, रिपोर्ट नॉर्मल आला, म्हटलं आता काय सांगायचं, सांगण्यासारखं काय आहे त्यात. हुबेहूब ह्यांचंच वाक्य.

तेव्हा मग मी ठरवलं की हे आपल्याने व्हायचं नाही, कुणीतरी तिसरं पाहिजे. बहीण नको, पोरगी तर अजिबात नको, तिने आधीच पोस्टमनगिरी खूप केलीये. माझ्या एका मैत्रिणीने मुलासाठी एका समुपदेशक बाईंकडे जात होते असं सांगितलं होतं, त्या जोडप्यांचंही घेतात, त्यांचा नंबर घेतला. ह्यांना सांगितलं तर पहिला प्रश्न, आपलं काय भांडण आहे का? म्हटलं नाही, तोच प्रॉब्लेम आहे. मग म्हणाले तू जाऊन ये, मला नंतर सांग. मी म्हटलं, अहो पुन्हा निरोपच ना! त्यावर हसले आणि आले.

पहिल्याच दिवशी बाईंनी दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं. मला विचारलं की मारहाण आहे का, दारू आहे का, नवऱ्यासमोर एखादी गोष्ट बोलायची भीती वाटते का. मला जरा अपमानच वाटला. पण त्या म्हणाल्या, हे मी प्रत्येकाला विचारते, कारण घरात भीती असेल तर दोघांना समोरासमोर बसवून मोकळं बोला म्हणणं धोक्याचं असतं, इथे बोललेलं घरी जाऊन महागात पडतं. तिथे जोडीचं समुपदेशन नाही करत, आधी सुरक्षिततेचं बघतात. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण माझं वाचून कुणी सरसकट ‘चला आपण बोलूया’ म्हणून सुरू करू नका.

मग एक कागद दिला दोघांना. मी ह्यांच्याबद्दल लिहायचं, ह्यांनी माझ्याबद्दल, आणि गेल्या सहा महिन्यातलं, जुनं नाही. सध्या कामावर कोणाचा त्रास आहे, कोणाशी पटतं, कशाची काळजी आहे, झोप कशी आहे, कोणती गोळी चालू आहे, अलीकडे कशाने आनंद झाला. परीक्षेत पोर्शनच्या बाहेरचं आल्यासारखं झालं. मी लिहिलं, त्रास अमुक साहेबांचा. ते साहेब २०१५ लाच सोडून गेले होते. ह्यांनी माझं आनंदाचं लिहिलं, नाटक बघणं. शेवटचं नाटक मी कालिदासला बघितलं त्याला दहा वर्षं झाली असतील. गोळीच्या पुढे ह्यांनी थायरॉइड लिहिलं ते बरोबर होतं, पण बीपीची सुरू होऊन वर्ष झालेलं ते माहीत नव्हतं, आणि ती गोळी डायनिंग टेबलवरच असते हो, मीठाच्या शेजारी. मी झोपेच्या पुढे लिहिलं, छान, घोरतात. तर हे म्हणाले, तीन वाजता रोज जाग येते, हॉलमध्ये बसतो, इतकी वर्षं थर्ड शिफ्ट केलेलं शरीर आहे. मी बाजूलाच झोपलेली असते, मला पत्ता नाही.

बाईंनी सांगितलं की अमेरिकेत सिअॅटलला जॉन गॉटमन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी जोडप्यांना लॅबमध्ये बसवून, अंगाला नाडी बिडी मोजायची यंत्रं लावून वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. एकमेकांच्या मनातल्या जगाचा आपल्याकडे एक नकाशा असतो आणि तो अपडेट करत राहावा लागतो, ही कल्पना त्यांची. आमच्याकडचे नकाशे साधारण २०१० सालचे होते, त्यात नवे फ्लायओव्हर नव्हतेच.

त्यानंतर होमवर्क. रोज वीस मिनिटं बोलायचं. टीव्ही बंद, मोबाइल आत. विषय घराबाहेरचा, म्हणजे आज दिवसभरात ज्याचं ओझं वाटलं ते. घर, पैसे, पोरगी, नातेवाईक आणि एकमेकांबद्दलच्या तक्रारी, पाचही विषय बंद. अर्धा वेळ एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, मग उलट. ऐकणाऱ्याने उपाय सांगायचा नाही, मागितला तरच. आणि समोरच्याची बाजू घ्यायची, तिसऱ्याची नाही.

सोपं वाटतं ना? पहिल्या संध्याकाळी मी विचारलं काय झालं आज. हे म्हणाले, काही नाही, नेहमीचंच. मग आम्ही दोघं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो, हसायला पण येत होतं आणि लाजही वाटत होती. दुसऱ्या दिवशी मी माझं सांगितलं, पतसंस्थेत एक नवीन मुलगी आलीये, ती माझ्या समोर मॅनेजरला म्हणाली की मॅडमना कॉम्प्युटर जमत नाही मी करून देते, आणि मला किती लागलं ते. हे लगेच, मग तू शीक ना, एक्सेलचा क्लास लाव, आणि तिला तोंडावर सांगायचं. झालं! माझं तोंड बंद. ह्यांचा काय दोष, मेन्टेनन्सवाला माणूस, कुठे आवाज आला की पाना घेऊन धावणार. पण मला क्लास नको होता, मला कुणीतरी ‘काय आगाऊ आहे ती’ एवढं म्हणायला पाहिजे होतं.

आणि माझ्याकडून काय व्हायचं, तर मी उलटतपासणी घ्यायचे. हे एक वाक्य बोलले की माझे पाच प्रश्न, का, मग तुम्ही काय म्हणालात, का नाही म्हणालात, मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत. हे पुन्हा ‘काही नाही’ वर. बाईंनी सांगितलं की ‘का’ने सुरू होणारे प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा, त्याने माणूस सफाई द्यायला लागतो. त्याऐवजी, मग काय झालं, तुम्हाला कसं वाटलं तेव्हा, असं विचारा. आणि ह्यांना सांगितलं, उपाय सुचला की तो जिभेवर धरून आधी विचारायचं, ऐकायचंय का सुचवायचंय? हे वाक्य हे आजही जसंच्या तसं म्हणतात, कस्टमर केअरवाल्यासारखं. पण काम होतं.

महिनाभराने हळूहळू जमायला लागलं. शांत बसलं तरी चालतं हे कळल्यावर उलट हेच बोलायला लागले. एक दिवस कंप्रेसरबद्दल सांगत होते, नवीन मुलं व्हायब्रेशनचं रीडिंग टॅबवर बघतात, हात लावून मशीनचं बेअरिंग गेलंय हे कळणारा आता मी एकटाच राहिलोय. आणि मग जरा थांबून म्हणाले, दोन वर्षात रिटायर होईन मग ह्या हाताचं काय करायचं. इतक्या वर्षात ह्यांना रिटायरमेंटची भीती वाटते हे मला पहिल्यांदा कळलं. मला तर वाटायचं दिवस मोजतायत.

चाकणचा विषय अजून बंद पेटीतच होता, कारण तो एकमेकांबद्दलचा. त्याच्यासाठी बाईंनी वेगळी पद्धत शिकवली. एक वस्तू घ्यायची, ज्याच्या हातात ती त्यानेच बोलायचं. छोटं छोटं बोलायचं, दोन तीन वाक्यं, आणि ‘मला’ ने बोलायचं, ‘तुम्ही नेहमी’ ने नाही. दुसऱ्याने ते आपल्या शब्दात परत सांगायचं, मला असं कळलं की अमुक, बरोबर का? बोलणारा बरोबर म्हणाला की पुढे. मग वस्तू बदलायची. आणि त्या वेळी काही सोडवायचं नाही, निर्णय नाही. आम्ही चष्म्याची केस घेतली.

आणखी एक गोष्ट त्यांनी विचारली, घरी ऑक्सिमीटर आहे का. कोरोनात घेतलेला, असणारच, तुमच्याकडेही कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये असेल. म्हणाल्या, विषय तापला की बोटाला लावा आणि ऑक्सिजनचा नाही, नाडीचा आकडा बघा. बसल्या बसल्या शंभरच्या वर गेला की बोलणं थांबवायचं, कमीत कमी वीस मिनिटं वेगवेगळं बसायचं, आणि त्या वेळात मनात मुद्दे रचायचे नाहीत, पेपर वाचा, झाडांना पाणी घाला. पण थांबवणाऱ्यानेच सांगायचं की किती वाजता परत बसू, नाहीतर तो ब्रेक नसतो, पळून जाणं असतं. हेही गॉटमनच्याच कामातलं. नाडी तेवढी वाढली की माणसाला समोरचं बोलणं नीट ऐकूच येत नाही, शब्द कानावर पडतात पण आत जात नाहीत.

रविवारी दुपारी बसलो. केस माझ्या हातात. मी म्हटलं, मला लग्नात तिसऱ्या माणसाकडून कळलं तेव्हा फार एकटं वाटलं, आणि मी तुमच्याबद्दल सहा वर्षं चुकीचं मानत आले. हे म्हणाले, मला असं कळलं की तुला राग आलाय मी सांगितलं नाही म्हणून. म्हटलं, नाही, राग नाही, एकटं वाटलं. पुन्हा प्रयत्न. तुला एकटं वाटलं, बाहेरच्याकडून कळलं म्हणून. हां, बरोबर. केस ह्यांच्याकडे. हे गप्प. चेहरा नेहमीसारखा, म्हणजे भिंत. मला आतून चीड यायला लागली, की बघा, आताही काही वाटत नाहीये ह्या माणसाला. मी ऑक्सिमीटर माझ्या बोटाला लावला, ९१. मग ह्यांच्या बोटाला लावला.

११४.

मी दोनदा लावून बघितला, बॅटरी गेली असेल म्हणून. ११२. आणि चेहऱ्यावर काही नाही हो, शप्पथ, पेपर वाचतायत असं वाटावं. मला इतकी वर्षं वाटायचं की हे गप्प बसतात म्हणजे ह्यांना फरक पडत नाही, आणि आत हे चाललेलं असायचं. बाईंना पुढच्या वेळी सांगितलं तर त्यांना काही नवल वाटलं नाही. म्हणाल्या, वादात गप्प होणाऱ्या माणसांचं बरेचदा असंच असतं, बाहेरून दगड दिसतात आणि आत नाडी पळत असते. गप्प बसणं म्हणजे त्यांच्या शरीराने लावलेला ब्रेक असतो, पण समोरच्याला तो अपमान वाटतो, मग तो आणखी जोरात बोलतो, मग हा आणखी गप्प.

त्या दिवशी आम्ही थांबलो. हे म्हणाले साडेचारला बसू. गच्चीत जाऊन कुंड्या साफ केल्या. साडेचारला स्वतः आले, केस घेतली, आणि थांबत थांबत बोलले. म्हणाले, तेव्हा तू सकाळी आईकडे जायचीस, संध्याकाळी जायचीस, तुझं वजन उतरलं होतं. मी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस जा तुम्ही, आणि मी गेलो असतो, आणि तू एकटी पडली असतीस. किंवा म्हणाली असतीस नका जाऊ, मग मला आयुष्यभर वाटलं असतं तुझ्यामुळे राहिलो. म्हणून मी विचारलंच नाही. मी ते परत म्हणून दाखवायचं होतं, माझ्या तोंडून निम्मंच आलं, बाकी रडू आलं. तरी हे काटेकोर, म्हणाले निम्मं राहिलं, पुन्हा सांग.

गाठीचं मी काही दिवसांनी सांगितलं, त्याच पद्धतीने. ह्यांनी सगळं परत म्हणून दाखवलं, मॅमोग्राफी शब्द अडखळला. नंतर म्हणाले, त्या आठवड्यात मी थर्डला होतो ना, मी सकाळी आलो तर तू ओट्यापाशी नुसतीच उभी होतीस, मला दिसलं होतं, पण डबा ठेवला आणि झोपलो. म्हणजे दिसलं होतं! मी इतकी वर्षं धरून चालले होते की ह्यांना दिसतच नाही. आता दर वर्षीच्या तपासणीला बरोबर येतात, पार्किंगवरून वाद घालतात, पण येतात.

सगळं सुटलं असं समजू नका. ह्यांच्या धाकट्या भावाला दिलेल्या पैशांवरून आमचं आजही जुंपतं, आणि बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं की जोडप्यांचे साधारण ६९ टक्के वाद कायमचे असतात असं गॉटमनच्या अभ्यासात दिसलंय, ते मिटत नाहीत, त्यांच्याबद्दल नीट बोलता येणं एवढंच हातात असतं. ते ऐकून ह्यांना फार बरं वाटलं होतं, म्हणाले म्हणजे आपण नॉर्मलच. वीस मिनिटं रोज होत नाहीत, आठवड्यातून तीन चारदा होतात, आयपीएल असली की तेही नाही. केस वापरायची वेळ क्वचित येते. बाईंकडे जाणं सात आठ महिन्यांनी थांबवलं, त्यांनीच सांगितलं आता गरज वाटली तर या.

चाकणवर मात्र आमचं एकमत अजून झालेलं नाही. माझं म्हणणं, मला विचारलं असतं तर आईला घेऊन आपण सगळेच गेलो असतो, चाकणला काय दवाखाने नाहीत का. ह्यांचं म्हणणं, तुझी आई नाशिक सोडून कुठे आली असती, पंचवटीतलं घर सोडून ती तुझ्या भावाकडे ठाण्याला चार दिवस राहिली नाही. परवा पुण्याला जाताना चाकणच्या चौकात पाऊण तास अडकलो तर हाच विषय, आणि मंचरपासून सुरू झालेला तो पोरीच्या दारात बेल वाजवेपर्यंत. तिने दार उघडलं आणि विचारलं, काय झालं, भांडताय का? हे म्हणाले, नाही, थांब जरा, आईचं वाक्य पूर्ण होऊ दे.